'पंच्याण्णव बरे होतात' म्हटल्यावर आई हो म्हणाली, 'पाच दगावतात' म्हटल्यावर नाही

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहितेच. मागच्या वर्षी आमच्या अण्णांच्या हृदयाच्या व्हॉल्वचं ऑपरेशन ठरलं होतं. वय ७१. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर आले, आईच्या समोर उभे राहून म्हणाले, "काकू, यांच्यासारखे शंभर पेशंट घेतले तर पंच्याण्णव ठणठणीत घरी जातात." आईचा चेहराच बदलला, लगेच म्हणाली करून टाकू. मी पण निर्धास्त झाले. संध्याकाळी एक तरुण डॉक्टर कन्सेंटचे कागद घेऊन आले, नियमाप्रमाणे सगळं वाचून दाखवायला लागले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "यात पाच टक्के मृत्यूचा धोका असतो, इथे सही करा." आईने चष्मा लावला, ती ओळ स्वतः वाचली, पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. म्हणाली, मी यांना मारायला नाही पाठवणार.

मी तिला सांगत होते की अगं आई सकाळी सांगितलं तेच आहे हे, शंभरातले पंच्याण्णव आणि शंभरातले पाच, एकच गोष्ट आहे. तिला गणित कळत नाही असं अजिबात नाही, चाळीस वर्षं भिशी सांभाळतेय, हिशोबात एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. तिचं म्हणणं एकच, "सकाळी बरे होण्याबद्दल बोलत होते, आत्ता मरण्याबद्दल बोलतायत." शेवटी दोन दिवसांनी मामा आला, त्याने समजावलं, ऑपरेशन झालं, अण्णा आज रोज बागेत फिरायला जातात. पण ते दोन दिवस मी विसरू शकत नाही.

आता प्रश्न असा आहे की कराडला माझे भाऊकाका आहेत, त्यांनाही तसंच ऑपरेशन सांगितलंय, आणि घरात सगळे म्हणतायत की तू समजावून सांग, तुला माहितीये. म्हणजे ते वाक्य आता मी बोलायचंय. मी थोडं वाचलं तेव्हा कळलं की यावर फार जुने आणि प्रसिद्ध प्रयोग झालेले आहेत, सहाशे लोकांचा आजार वगैरे. ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज सांगा. मी काकांना कुठलं वाक्य सांगू?

अवधूत_के
रानजाई, अण्णा बरे आहेत हे वाचून छान वाटलं. सहाशेवाला प्रयोग मला माहितीये, एमबीएला होता. एक आजार येणार आहे, काही केलं नाही तर ६०० लोक मरतील अशी अपेक्षा. दोन योजना. पहिलीत २०० लोक वाचतील. दुसरीत एक तृतीयांश शक्यता की सगळे ६०० वाचतील आणि दोन तृतीयांश शक्यता की कोणीच वाचणार नाही. बहुतेक लोक पहिली घेतात. मग दुसऱ्या गटाला तेच उलटं सांगतात, पहिलीत ४०० मरतील, दुसरीत एक तृतीयांश शक्यता की कोणीच मरणार नाही, दोन तृतीयांश शक्यता की सगळे ६०० मरतील. आता बहुतेक लोक दुसरी घेतात. सरासरी काढली तर चारही पर्याय सारखेच, २०० जगणार ४०० जाणार. म्हणजे थोडक्यात लोकांना गणित येत नाही आणि भावनेच्या भरात निर्णय घेतात. ज्याला आकडेमोड येते त्याला या शब्दांनी काही फरक पडायला नको. काकांना सरळ टेबल करून द्या.

पिंपळपान
अवधूत, प्रयोग बरोबर सांगितलात, निष्कर्ष मात्र निम्माच बरोबर आहे. मी पंचवीस वर्षं मेडिकल कॉलेजात पीएसएम म्हणजे सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकवला, हा प्रयोग दर बॅचला वर्गात करायचो, अर्ध्या वर्गाला एक कागद, अर्ध्याला दुसरा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा प्रयोग अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९८१ साली सायन्स या नियतकालिकात छापला. 'वाचतील' असं ज्यांना विचारलं त्यातले ७२ टक्के खात्रीच्या २०० वर थांबले. 'मरतील' असं ज्यांना विचारलं त्यातले फक्त २२ टक्के खात्रीच्या ४०० ला तयार झाले, बाकी ७८ टक्के जुगार खेळायला निघाले. उत्तरं देणारे विद्यापीठातले विद्यार्थी होते, गणिताचे सगळे संस्कार झालेले.

आणि "आकडेमोड येणाऱ्याला फरक पडत नाही" याला तर पुढच्याच वर्षी उत्तर मिळालं. १९८२ मध्ये बार्बरा मॅकनील, स्टीफन पॉकर, हॅरॉल्ड सॉक्स आणि ट्वर्स्की यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचा प्रश्न घेतला, ऑपरेशन करायचं की रेडिएशन. आकडे काल्पनिक नव्हते, खऱ्या उपचारांचे होते. ऑपरेशन केलेल्या १०० पैकी ९० जण ऑपरेशनमधून बाहेर येतात, वर्षाअखेर ६८ जिवंत असतात, पाच वर्षांनी ३४. रेडिएशन घेतलेले १०० च्या १०० उपचारातून बाहेर येतात, वर्षाअखेर ७७ जिवंत, पाच वर्षांनी २२. म्हणजे ऑपरेशनमध्ये सुरुवातीला धोका, पण लांबचा विचार केला तर फायदा. हेच आकडे दुसऱ्या गटाला मृत्यूच्या बाजूने सांगितले: ऑपरेशनमध्ये किंवा लगेच नंतर १० जातात, वर्षाअखेरपर्यंत ३२, पाच वर्षांत ६६. रेडिएशनमध्ये उपचारादरम्यान कोणी जात नाही, वर्षाअखेरपर्यंत २३, पाच वर्षांत ७८.

जिवंत राहण्याच्या भाषेत सांगितलं तेव्हा १८ टक्के लोकांनी रेडिएशन निवडलं, मृत्यूच्या भाषेत सांगितलं तेव्हा ४४ टक्क्यांनी. आणि उत्तरं देणाऱ्यांत तीन गट होते, दवाखान्यात येणारे पेशंट, बिझनेस स्कूलचे संख्याशास्त्र शिकलेले विद्यार्थी, आणि चक्क रेडिओलॉजीचे डॉक्टर. डॉक्टरांच्यात हा परिणाम पेशंटपेक्षा कमी नव्हता. रानजाई, तुमच्या आईंनी जे केलं ते त्या डॉक्टरांनीही केलं. आईंना कमी लेखू नका.

रानजाई
पिंपळपानकाका, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. तेव्हा घरातले सगळे आईला म्हणत होते की तू उगाच घाबरतेस. हे तिला वाचून दाखवते आज. पण मला अजून कळलं नाही की असं होतं का? पाच तेच आहेत ना?

पिंपळपान
त्यांचं स्पष्टीकरण असं. आपल्याला जीव मोजता येतात, पण मनाला ते एकास एक लागत नाहीत. समजा २०० माणसं वाचली याचं समाधान आपण १०० मापं धरलं. मग ६०० वाचली तर समाधान तिप्पट, ३०० मापं व्हायला हवं. तसं होत नाही, पहिल्या दोनशेला जेवढा जीव भांड्यात पडतो तेवढा पुढच्या दोनशेला पडत नाही, त्यापुढच्या दोनशेला आणखी कमी. समजा ६०० चं समाधान २४० मापं झालं. आता एक तृतीयांश शक्यतेने २४० म्हणजे ८०. हातात असलेले १०० सोडून ८० कोण घेईल? म्हणून खात्रीचे २०० गोड वाटतात.

आता मरणाच्या बाजूने बघा. ४०० गेल्याचं दुःख १०० मापं धरा. ६०० गेल्याचं दुःख दीडपट, १५० व्हायला हवं, पण चारशेवर आधीच काळीज फाटलेलं असतं, पुढच्या दोनशेने ते तेवढ्याच प्रमाणात फाटत नाही, समजा १३५ झालं. दोन तृतीयांश शक्यतेने १३५ म्हणजे ९०. खात्रीच्या १०० दुःखापेक्षा ९० बरं, आणि वर सगळे वाचण्याची आशा. म्हणून माणूस जुगार घेतो. मापांचे आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, पण वळण हेच आहे. वाक्य कुठून सुरू होतं त्यावर मन कुठे उभं राहतं ते ठरतं. 'वाचतील' म्हटलं की सहाशे गेलेले धरून आपण कमवायला बसतो, 'मरतील' म्हटलं की सहाशे जिवंत धरून गमवायला बसतो.

आईंच्या बाबतीत मात्र हुबेहूब हा प्रकार नाही. तिथे जुगार विरुद्ध खात्री असं नव्हतं, एकाच ऑपरेशनचं एकच वर्णन दोन बाजूंनी होतं. तो जास्त साधा प्रकार, पंच्याण्णव म्हटलं की बरे झालेले डोळ्यासमोर येतात, पाच म्हटलं की गेलेले. फुप्फुसाच्या प्रयोगात दोन्ही मिसळलेत. १०० आणि ९० यांतला फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो, शून्य आणि १० यांतला फरक मात्र अंगावर येतो.

कोकणकडा
खूप छान धागा. माझं मत सांगतो, पेशंटशी नेहमी सकारात्मकच बोललं पाहिजे. आमच्या शेजारच्या काकांना डॉक्टर सारखे बरे व्हाल बरे व्हाल म्हणायचे आणि ते बरे झाले. मनाची ताकद फार मोठी असते. रानजाई तुम्ही काकांना पाच टक्क्यांचं सांगूच नका, नुसतं पंच्याण्णव सांगा.

रानजाई
कोकणकडा, तुमची कळकळ समजते, पण माझा प्रश्न तो नाहीये. काका मनाने खंबीर व्हावेत म्हणून मी विचारत नाहीये. ऑपरेशन करायचं की नाही हे त्यांनी ठरवायचंय, आणि मी कुठलंही एक वाक्य उचललं की मीच ठरवल्यासारखं होतंय, हे मला खटकतंय. नुसतं पंच्याण्णव सांगितलं आणि उद्या काका त्या पाचात गेले तर काकू मला काय म्हणतील? आणि आमच्या तरुण डॉक्टरांनी सही घेताना नुसतं पाच सांगितलं तेही अर्धंच होतं.

भाषावेडी
मला आकड्यांपेक्षा वाक्याबद्दल बोलायचंय. मी शाळेत मराठी शिकवते. "२०० लोक वाचतील" हे वाक्य मराठीत कोणी असं बोलतच नाही! विचार करा, पूर आलाय, होडी एकच आहे, तुम्ही काय म्हणाल? "दोनशे तरी वाचतील." नाहीतर वैतागून, "दोनशेच वाचतील." 'तरी' म्हटलं की निदान दोनशे, पुढे आणखीही वाचू शकतात असं दार उघडं राहतं. 'च' म्हटलं की दार बंद. कागदावर नुसतं 'दोनशे वाचतील' लिहिलं तर वाचणारा मनातल्या मनात 'तरी' घालतो असं मला वाटतं. आणि 'चारशे मरतील' मध्ये पण तो 'तरी' घालतो, कमीत कमी चारशे, जास्तही जातील. मग ही दोन वाक्यं एकच आहेत असं कसं म्हणता येईल? "निदान दोनशे जगतील" आणि "निदान चारशे जातील" ही दोन वेगळी वचनं आहेत.

मी काल नववीच्या वर्गात सहज विचारलं. फळ्यावर 'दोनशे वाचतील' लिहिलं आणि म्हणलं, उरलेल्यांचं काय? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, ते दिलेलंच नाहीये." मला ते उत्तर फार आवडलं.

पिंपळपान
भाषावेडी, तुमच्या त्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. हाच आक्षेप या प्रयोगावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. कॅनडातले संशोधक डेव्हिड मँडेल यांनी तो नीट मांडला. त्यांचं म्हणणं असं की लोक '२००' चा अर्थ 'किमान २००' असा घेतात, आणि तसा घेतला तर पहिल्या गटात खात्रीची योजना खरंच चांगली ठरते आणि दुसऱ्या गटात खरंच वाईट ठरते, मग निवड उलटली यात वेडेपणा काहीच नाही. २०१४ च्या त्यांच्या कामात 'बरोबर २००' असं स्पष्ट लिहिल्यावर परिणाम उरला नाही. त्याआधी अँटन क्यूबेर्गर यांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं की '२०० वाचतील आणि ४०० वाचणार नाहीत' असं दोन्ही लिहिलं की परिणाम जवळजवळ निघून जातो.

म्हणजे तुमचा 'तरी' आणि त्या मुलीचं 'दिलेलंच नाहीये', दोन्ही मुद्दे बरोबर जागी लागलेत. मूळ प्रश्नात एक खोड आहेच, खात्रीच्या योजनेत एकच बाजू सांगितलीय आणि जुगारात दोन्ही बाजू.

अवधूत_के
मग म्हणजे सगळा प्रयोगच मोडीत निघाला ना? इतकी वर्षं कॉलेजात शिकवतायत ते चुकीचं?

पिंपळपान
मोडीत नाही निघाला. २०१४ मध्येच बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून जुने प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले, मेनी लॅब्स नावाचा प्रकल्प, त्यात हा प्रयोग टिकला. परिणाम मात्र मूळच्या साधारण निम्मा आला. म्हणजे ७२ आणि २२ एवढी दरी रोज दिसेल असं धरू नका. माझ्या वर्गातही दरवर्षी निवड उलटायची, पण इतकी कधी नाही.

आणि 'किमान' वाल्या स्पष्टीकरणाने सगळं सुटतं असंही नाही. व्हॅलरी रेना आणि चार्ल्स ब्रेनर्ड यांनी १९९१ मध्ये आकडेच काढून टाकले होते, 'काही लोक वाचतील' विरुद्ध 'काही वाचतील किंवा कोणीच वाचणार नाही' असं विचारलं, तरी निवड तशीच झुकली. आकडाच नाही म्हटल्यावर 'किमान आकडा' हा मुद्दा राहत नाही. ते म्हणतात की माणूस बेरीज-वजाबाकी करतच नाही, सार धरतो. काही वाचणं हे कोणीच न वाचण्यापेक्षा बरं, संपलं. दुसऱ्या बाजूने, काही मरणं हे कोणीच न मरण्यापेक्षा वाईट, संपलं. मला स्वतःला हे सार धरण्याचं म्हणणं जास्त पटतं, कारण रानजाईच्या आईंनी अगदी तेच शब्द वापरलेत, "सकाळी बरे होण्याबद्दल, आत्ता मरण्याबद्दल." पण मँडेलच्या बाजूचे लोक अजून वाद घालतायत आणि त्यांचा मुद्दा मी टाकून देणार नाही.

भाषावेडी
मला अजून नाही पटलं. 'काही' या शब्दातही 'तरी' लपलेला आहेच. "काही लोक वाचतील" म्हणजे निदान काही. मराठीत 'काही' ला वरची मर्यादा कधी असते? असो, विचार करते यावर.

कोकणकडा
माझं आधीचं मत जरा घाईचं झालं, मान्य. पण मग उलट विचारतो. माझे वडील तंबाखू खायचे, तोंडाच्या कॅन्सरने गेले. मी पण खायचो. पुडीवर ते चित्र आणि लिहिलेलं असायचं तंबाखूमुळे वेदनादायक मृत्यू होतो, ते बघून बघून मी सोडली. म्हणजे मरणाची भाषाच काम करते ना? मग आरोग्य खात्याने सगळीकडे किती मरतात हेच लिहायला हवं, किती वाचतात हे लिहून कोणी ऐकत नाही.

पिंपळपान
कोकणकडा, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि सोडलीत हे फार मोठं काम केलंत.

पण तो प्रकार वेगळा आहे, आणि इथे भलेभले गफलत करतात. पाच टक्के मृत्यू आणि पंच्याण्णव टक्के जगणं ही एकाच आकड्याची दोन तोंडं आहेत, नाणं पलटल्यासारखी. तंबाखूच्या पुडीवर तसं दुसरं तोंड नाहीये. तिथे "सोडली नाही तर हे होईल" आणि "सोडली तर ते मिळेल" असे दोन निरोप असतात, आणि ते दोन निरोप वेगवेगळी माहिती देतात. शिवाय पुडीवर २०१६ पासून ८५ टक्के जागा इशाऱ्याला आहे, मोठं चित्र आहे, ते रोज दिसतं, आणि तुमच्या घरात एक मृत्यू झालेला. यातलं कशामुळे सुटली ते वेगळं काढता येणार नाही.

पूर्वी असं मानत होते की आजार शोधणाऱ्या तपासणीसाठी तोट्याची भाषा चालते आणि आजार टाळण्याच्या सवयींसाठी फायद्याची. १९८७ मध्ये मायरोविट्झ आणि चेकन यांनी स्तनांच्या स्व-तपासणीच्या पत्रकांवर प्रयोग केला, तपासलं नाही तर काय गमावाल असं सांगणारं पत्रक जास्त चाललं. मीही तेच शिकवायचो. पण पुढे डॅनियल ओ'कीफ आणि जेन्सन यांनी २००७ मध्ये आजार टाळण्याच्या निरोपांवरचे सगळे अभ्यास एकत्र केले तर फायद्याच्या भाषेची आघाडी अगदी केसाएवढी निघाली, आणि तीही मुख्यतः दातांच्या काळजीच्या अभ्यासांमुळे. ते बाजूला ठेवले तर हातात काही उरत नाही. त्यामुळे पोस्टरवर 'मरतात' लिहावं की 'वाचतात' यावर छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. ऑपरेशनच्या दारात एका माणसाला एक आकडा सांगण्याची गोष्ट वेगळी, तिथे परिणाम पक्का दिसतो.

कोकणकडा
समजलं. मी दोन्ही एकच धरत होतो. धन्यवाद काका.

टोरांटोची_माई
उशिरा येतेय, इथे आत्ता सकाळ झाली. मी हॉस्पिटलमध्ये मराठी-हिंदी दुभाषी म्हणून काम करते, त्यामुळे हा धागा माझ्या रोजच्या कामाचा आहे. दुभाष्याचा नियम असा की डॉक्टर जे बोलेल तेच सांगायचं, ना कमी ना जास्त. डॉक्टर म्हणाले पाच पर्सेंट मॉर्टॅलिटी, तर मी पंच्याण्णव टक्के बरे होतात असं सांगू शकत नाही. पण माझ्या हातात एक शब्द असतो. 'मॉर्टॅलिटी' ला मी 'मृत्यू' म्हणू, 'दगावतात' म्हणू, की 'जातात' म्हणू? प्रत्येक शब्दाला समोरच्या आजीचा चेहरा वेगळा होतो. मी 'दगावतात' म्हणते, कारण आमच्या सोलापूरकडे घरात तोच शब्द आहे, 'मृत्यू' म्हटलं की पेपरातली बातमी वाटते.

आणि एक गोष्ट मी अनेकदा पाहिलीय. मुलगा इंग्रजीत डॉक्टरांशी बोलतो तेव्हा शांतपणे मान हलवत असतो, फाइव्ह पर्सेंट, ओके, ओके. मग मी आईला तेच मराठीत सांगते आणि तो मुलगा पहिल्यांदा ऐकल्यासारखा माझ्याकडे बघतो. आकडा तोच, ऐकलेला, तरी मराठीत आला की पोटात जातो. यावर काही अभ्यास आहे का?

पिंपळपान
माई, आहे, आणि अगदी याच सहाशेच्या प्रश्नावर आहे. शिकागोच्या बोअझ कीसार यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तो प्रश्न काहींना मातृभाषेत आणि काहींना नंतर शिकलेल्या भाषेत विचारला, इंग्रजी बोलणारे जपानी शिकणारे, कोरियन बोलणारे इंग्रजी शिकलेले, असे. मातृभाषेत वाचतील-मरतील ने निवड उलटली, परक्या भाषेत उलटली नाही. त्यांचा कयास असा की परक्या भाषेत भावना तितकी लागत नाही.

पण यावरून "मग सगळं इंग्रजीत सांगा म्हणजे निर्णय शुद्ध होईल" असं कोणी म्हणू नये. आपल्याकडे इंग्रजी ही काहींना शाळेतून शिकलेली परकी, काहींना दिवसभर वापरातली, त्यामुळे तो निकाल इथे जसाच्या तसा लावता येत नाही. आणि भावना लागली नाही म्हणजे गोष्ट समजली असंही नाही. त्या मुलाला मराठीत ऐकल्यावर जे कळलं ते आधी कळलं नव्हतं.

अवधूत_के
मी आधी गणित येत नाही असं लिहिलं ते मागे घेतो. पण मग प्रॅक्टिकल उत्तर काय? रानजाईने काकांना दोन्ही बाजू सांगायच्या का?

पिंपळपान
हो, दोन्ही, आणि एकाच श्वासात, एकाच शंभरावर. "तुमच्यासारख्या शंभर जणांत पंच्याण्णव बरे होऊन घरी जातात आणि पाच दगावतात." सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं नको, तिथेच आईंची फसगत झाली. टक्के म्हणण्यापेक्षा शंभर माणसं म्हणा, माणसं डोळ्यासमोर येतात. आणि 'तुमच्यासारख्या' हा शब्द नुसता बोलायचा नाही, डॉक्टरांना विचारून खात्री करायची. वय, किडनी, साखर, आधीचं ऑपरेशन यावर तो आकडा हलतो. अण्णांचे पाच म्हणजे काकांचे पाच असं धरू नका.

पण रानजाई, मला तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये याहून मोठी पोकळी दिसली. सकाळी ना संध्याकाळी, कोणीही आईंना हे सांगितलं नाही की ऑपरेशन केलंच नाही तर शंभरातले किती जण एका वर्षाने, पाच वर्षांनी जिवंत असतात. फुप्फुसाच्या प्रयोगात निदान दोन पर्याय शेजारी शेजारी होते. आईंसमोर एकच पर्याय होता, आणि तोही एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून दाखवला. शेजारी दुसरा आकडा असता तर ते पाच कशाच्या तुलनेत पाच आहेत हे त्यांना दिसलं असतं. "मी यांना मारायला नाही पाठवणार" या वाक्यात असं धरलेलं आहे की पाठवलं नाही तर धोका शून्य. तो शून्य नव्हता, पण त्यांना कोणी सांगितलंच नाही.

रानजाई
काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच कोणी सांगितलं नाही, आणि मी पण विचारलं नाही. मी दोन दिवस आईशी पंच्याण्णव-पाचवर भांडत बसले.

भाषावेडी
एक विचारू का? दोन्ही सांगायचं तर आधी काय सांगायचं? "पंच्याण्णव बरे होतात आणि पाच दगावतात" आणि "पाच दगावतात आणि पंच्याण्णव बरे होतात" ही मला तरी सारखी वाटत नाहीत. मराठीत वाक्याचा शेवट मनात राहतो. 'पण' घातलं तर अजूनच. "पंच्याण्णव बरे होतात, पण पाच दगावतात" म्हटलं की संपलंच.

टोरांटोची_माई
भाषावेडीताई अगदी बरोबर. मी 'पण' कटाक्षाने टाळते, 'आणि' म्हणते. क्रम मात्र डॉक्टर ठेवतील तोच ठेवावा लागतो मला. जमेल तेव्हा मी डॉक्टरांना विनंती करते की दोनदा सांगा, दुसऱ्यांदा उलटं. काही ऐकतात, काही घड्याळ बघतात.

पिंपळपान
क्रमाचा प्रश्न खरा आहे. कुठून तरी सुरुवात करावीच लागते, आणि सुरुवात म्हणजे एक बाजू. लिहून देणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग, कागदावर दोन्ही आकडे एकदम दिसतात आणि माणूस पुन्हा पुन्हा बघू शकतो. मी शंभर ठिपक्यांचा चौकोन काढून पाच काळे करायचो, बाकीचे रिकामे ठेवायचो.

रानजाई
अपडेट द्यायला आले. रविवारी कराडला गेले होते. आधी फोनवर काकांच्या डॉक्टरांशी बोलले, काकांचं वय आणि साखर धरून त्यांचा आकडा वेगळा निघाला, शंभरात आठ. ऑपरेशन न केल्याचं त्यांनी लगेच सांगितलं नाही, इको पुन्हा बघून गुरुवारी सांगतो म्हणाले, पण विचारलंत हे बरं केलंत असंही म्हणाले.

काकांना मी तसंच सांगितलं, तुमच्यासारखे शंभर जण, ब्याण्णव घरी येतात आणि आठ दगावतात. 'पण' म्हणले नाही, आठवणीने. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच दहा ओळी दहा-दहा टिंबांच्या काढल्या, आठांना गोल केले. मी ठिपक्यांचं काही बोलले नव्हते, ते आयुष्यभर गुऱ्हाळावर उसाच्या मोळ्या अशाच मोजत आलेत. मग शेजारी तेवढीच जागा रिकामी सोडली आणि वर लिहिलं, 'नाही केलं तर'. म्हणाले, गुरुवारी ही बाजू भरू, मग बोलू.

कॅलेंडर तसंच उलटं टांगलंय.